साडेसहा वर्षं राज्यसेवेची तयारी, मग खासगी नोकरीचा अर्ज : एक प्रकरण

मी शेती आणि ग्रामीण वित्त क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करते. दरवर्षी माझ्याकडे जे बायोडेटा येतात, त्यातला एक मोठा गठ्ठा एमपीएससीची तयारी थांबवलेल्या मुलामुलींचा असतो. ही मुलं हुशार असतात. तरीही पहिल्या फोनमध्येच गळतात, आणि गळण्याचं कारण बहुतेक वेळा त्यांना वाटतं ते नसतं. म्हणून एका उमेदवाराचं प्रकरण इथे सविस्तर मांडते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि कंपनी गाळली आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं वय तीस होतं. २०१७ ला बी.एस्सी. कृषी झाला. लगेच जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागला आणि वर्ष भरायच्या आतच ती नोकरी सोडून जून २०१८ मध्ये पुण्यात, पेठेतल्या एका खोलीवर राहायला गेला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली. २०२१ च्या परीक्षेत मुलाखतीपर्यंत पोहोचला, अंतिम यादीत नाव आलं नाही. पुढच्या दोन्ही पूर्व परीक्षांत कटऑफच्या खाली राहिला. १ डिसेंबर २०२४ ची पूर्व परीक्षा दिली आणि त्याच महिन्यात खोली सोडून गावी परतला.

माझ्याकडे येण्याआधी त्याने बऱ्याच ठिकाणी अर्ज केले होते. एका खत-औषध कंपनीच्या विक्री अधिकारी पदासाठी फोनवरची पहिली फेरी झाली होती. पुढे काहीच कळवलं गेलं नाही. त्याला वाटत होतं, गॅप बघून नाकारलं. मला तसं वाटलं नाही. गॅप तर बायोडेटात दिसतच होता आणि तो बघूनच फोन आला होता. नकार फोनवर जे बोलणं झालं त्याला मिळाला होता.

मी त्याला म्हटलं, "त्या फोनवर जे बोललात, तसंच्या तसं मला सांगा."

तो साधारण चार मिनिटं बोलला. ५ एप्रिल २०२० ला होणारी पूर्व परीक्षा कोरोनामुळे पुढे पुढे ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, मधल्या काळात पुण्यात विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. मुलाखतीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले. २५ ऑगस्ट २०२४ ची परीक्षा आयबीपीएसच्या परीक्षेशी तारखा जुळल्यामुळे आंदोलनानंतर पुढे गेली. आता २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, म्हणजे सगळी तयारी नव्याने. आणि शेवटी, "तरी मी खूप काही शिकलो, चिकाटी, वेळेचं नियोजन, दडपण हाताळणं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. ज्याने ती वर्षं काढली आहेत त्याला यातल्या प्रत्येक तारखेचं दुखणं कळेल, मलाही कळलं. पण फोनच्या पलीकडची एचआरमधली मुलगी हे ऐकताना एकच निष्कर्ष काढते : हा माणूस अजून त्या परीक्षेतच आहे. आयोगाचं वेळापत्रक, कटऑफ, पॅटर्न याबद्दल तो इतक्या तपशिलाने आणि इतक्या जिव्हाळ्याने बोलतोय, म्हणजे पुढची जाहिरात आली की अर्ज भरणार. सहा महिने शिकवायचं आणि मुख्य परीक्षेसाठी रजा मागायला हा उभा राहणार.

कंपनीची खरी भीती ही असते. मागची वर्षं गेली याबद्दल तिला फारसं देणंघेणं नसतं. पुढचं वर्ष राहील का आणि आल्यावर काम कोणतं करेल, एवढंच तिला हवं असतं. आमचं पुढचं सगळं काम या दोन प्रश्नांभोवती झालं.

खोट्या अनुभवपत्राचा सल्ला

त्याआधी एक गोष्ट मिटवावी लागली. त्याच्या खोलीतल्या एका मित्राने सुचवलं होतं की ओळखीच्या एका फर्मकडून तीन वर्षांचं "मार्केटिंग ऑफिसर" असं अनुभवपत्र घे, म्हणजे गॅपच राहणार नाही. असे सल्ले सर्रास दिले जातात, म्हणून त्याचं काय होतं ते नीट सांगते.

मध्यम आणि मोठ्या कंपन्या ऑफर दिल्यावर, कधी रुजू करून घेतल्यावर, पार्श्वभूमी तपासणी करतात. तपासणी करणारी संस्था आधी उमेदवाराचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) क्रमांक, मागते. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर कुठल्या आस्थापनेत कोणत्या तारखेला आलात आणि कधी गेलात याची नोंद असते. तीन वर्षांची नोकरी आणि एकाही महिन्याची वर्गणी नाही, हे तिथे लगेच दिसतं. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला सहसा पीएफ लागू नसतो, त्यामुळे नुसती नोंद नाही म्हणून कोणी खोटं ठरवत नाही. मग बँकेचं विवरण मागतात : पगार कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला जमा झाला? रोखीने मिळत होता असं सांगितलं की फर्मच्या मालकाला फोन जातो, कधी माणूस पत्त्यावर जाऊन येतो. मालकाने पहिल्या फोनला हो म्हटलं तरी रुजू तारीख, वरिष्ठाचं नाव, कामाचं स्वरूप यांत कुठेतरी फरक पडतोच.

यातला सगळ्यात मोठा धोका वेळेचा आहे. अहवाल अनेकदा रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी येतो. तोवर माणसाने दुसऱ्या ऑफर नाकारलेल्या असतात, घरी पेढे वाटून झालेले असतात. खोट्या माहितीवरून काढलं की ती नोंद त्या कंपनीत कायमची राहते. गॅप असलेल्या माणसाला मी दहा ठिकाणी पाठवू शकते. खोटं अनुभवपत्र दिलेल्याला मी स्वतः कुठेच पाठवत नाही.

त्याने ते पत्र घेतलेलं नव्हतं. विषय तिथेच संपला.

बायोडेटातली एक ओळ

त्याच्या मूळ बायोडेटात २०१८ ते २०२४ या काळासाठी अर्धं पान होतं. सुरुवातीला "स्पर्धा परीक्षेची तयारी" असा मथळा, खाली सात मुद्दे : चिकाटी, नेतृत्वगुण, विश्लेषणक्षमता वगैरे. आणि जालन्याची नोकरी, जी त्याची एकमेव नोकरी होती, ती शेवटी दोन शब्दांत.

ते अर्धं पान काढून आम्ही एवढंच ठेवलं. बायोडेटा इंग्रजीत होता, मजकुराचा आशय देते :

"जून २०१८ ते डिसेंबर २०२४ : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पुणे. मुख्य परीक्षा दोनदा, मुलाखत एकदा (२०२१ ची परीक्षा). डिसेंबर २०२४ मध्ये तयारी थांबवली."

महिना आणि वर्ष दोन्ही टाकले, कारण नुसतं वर्ष लिहिलं की वाचणारा लपवाछपवीची शंका घेतो. मुख्य आणि मुलाखत लिहिली, कारण त्याचे पुरावे आहेत : प्रवेशपत्र, गुणपत्रक, मुलाखतीचं पत्र. लाखोंतून मुख्य परीक्षेपर्यंत थोडेच जातात हे महाराष्ट्रातल्या बहुतेक एचआरना माहीत असतं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि "थांबवली" हे क्रियापद तर मुद्दाम टाकलं. बहुतेक बायोडेटांत तयारी कधी सुरू झाली ते असतं. ती संपली का, हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं, आणि वाचणारा अंदाज उमेदवाराच्या विरुद्धच बांधतो.

चिकाटी आणि नेतृत्व काढलं याचं त्याला वाईट वाटलं. "मॅडम, सहा वर्षं रोज बारा तास बसलोय, ती चिकाटी नाही का?" आहेच. पण प्रत्येक उमेदवार ती लिहितो, त्यामुळे कागदावर तिला वजन उरत नाही. गुणाचं नाव लिहिण्याऐवजी केलेलं काम लिहावं, हा माझा आग्रह असतो.

आणि काम होतं. त्याने ते लिहिलंच नव्हतं. पुण्यातल्या शेवटच्या दीड वर्षात तो राहत होता त्या भागातली एक अभ्यासिका सांभाळत होता. सव्वाशे खुर्च्या, महिन्याची फी गोळा करायची, नव्या मुलांना जागा लावून द्यायची, थकलेल्या फीचा हिशेब मालकाला द्यायचा. बदल्यात स्वतःची जागा फुकट आणि थोडे पैसे, तेही यूपीआयने. त्याला ते सांगायला कमीपणा वाटत होता. मला मात्र त्या अर्ध्या पानापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं : वसुली, नोंदी आणि चिडलेल्या माणसांशी बोलणं, तिन्ही त्यात आहे. एका ओळीत ते आलं. मालक फोनवर दुजोरा देईल ना, हे आधी विचारून घेतलं.

तिसरी नोंद आणखी ताजी होती. गावी परतल्यावर जानेवारीपासून तो तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत तुरीच्या हमीभाव खरेदी केंद्रावर काम करत होता. त्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्याचं काम : शेतकऱ्याचा सातबारा आणि त्यावरचा पीकपेरा बघून ऑनलाइन नोंदणी करणं, माल आला की ओलावा मोजणं, आणि बारा टक्क्यांवर आकडा गेला की ट्रॉली भरून आलेल्या माणसाला माल वाळवून आणायला सांगणं. मी विचारलं, "असं सांगितल्यावर लोक काय करतात?" तो म्हणाला, "आधी मशीन खराब आहे म्हणतात. मग मी त्यांच्याच हाताने दुसरा नमुना काढायला लावतो आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजतो. दोनदा तोच आकडा आला की भांडण मशीनशी होत नाही."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. ते त्याने पुढे मुलाखतीत जसंच्या तसं वापरलं.

कोणत्या पदासाठी

आधी तो विक्री अधिकारी, बँकेतलं कृषी अधिकारी, ऑफिस असिस्टंट, डेटा एंट्री, मिळेल तिथे अर्ज टाकत होता. गॅप असलेल्या माणसाचं यात दुहेरी नुकसान होतं. प्रत्येक ठिकाणी उत्तर तेच ठोकळेबाज जातं, आणि परीक्षेच्या अभ्यासातलं जे ज्ञान खरोखर उपयोगी आहे ते कुठेच लागू पडत नाही.

आम्ही एकच दिशा धरली : पीक विमा. एक विमा कंपनी खरीप हंगामासाठी जिल्हा समन्वयक शोधत होती. हे काम निम्मं शेतातलं आणि निम्मं सरकारी कचेऱ्यांतलं. तालुका कृषी अधिकारी, तलाठी, कृषी सहायक यांच्याबरोबर बसायचं, महसूल मंडळनिहाय पीक कापणी प्रयोगांचे आकडे घ्यायचे, नुकसानीच्या पूर्वसूचना आल्या की पंचनाम्याची माणसं पाठवायची, आणि भरपाई का मिळाली नाही म्हणून आलेल्या शेतकऱ्याला नियम समजावून सांगायचा. बी.एस्सी. कृषीच्या ताज्या पदवीधराला पिकं माहीत असतात. महसूल मंडळ म्हणजे काय, तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकारी यांपैकी कोण कशाला जबाबदार, शासन निर्णय कसा वाचायचा, हे शिकायला त्याला वर्ष लागतं. या मुलाने ते सहा वर्षं पाठ केलं होतं. राज्यसेवेच्या अभ्यासक्रमात शेती, पंचायत राज, प्रशासन आणि अर्थव्यवस्था असल्यामुळे त्याचा अभ्यास आणि हे काम खरोखर एकमेकांवर बसत होते. असं बसणारं पद शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि माझ्या मते पुढची फेरी तिथेच अर्धी जिंकली.

दोन फेऱ्या

फोनवरच्या फेरीसाठी आम्ही उत्तर पाऊण मिनिटात बसवलं. तो म्हणाला ते असं :

"२०१७ ला बी.एस्सी. ॲग्री झालो, बियाणं कंपनीत काम केलं. जून २०१८ पासून राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, निवड झाली नाही. डिसेंबरमध्ये थांबवलं. जानेवारीपासून शेतकरी कंपनीत तूर खरेदीचं काम करतोय. तुमच्याकडे अर्ज केला कारण मंडळ पातळीवरचं प्रशासन आणि पीक विम्याचे नियम मला माहीत आहेत आणि शेतकऱ्यांशी रोजचं बोलणं चालू आहे."

कोरोना नाही, आंदोलन नाही, पॅटर्न नाही. समोरून कोणी विचारलं की "इतकी वर्षं का लागली?", तर एकच वाक्य : "मधलं जवळपास एक वर्ष कोरोनामुळे परीक्षा पुढे गेल्या, बाकीचा निर्णय माझा होता." हे वाक्य त्याने बऱ्याचदा म्हणून बघितलं, कारण सुरुवातीला दुसऱ्या भागाशी त्याचा आवाज खाली जायचा.

मुलाखत एप्रिलमध्ये झाली. समोर कंपनीचे राज्य प्रमुख आणि एचआर. प्रमुखांनी गॅपबद्दल काही विचारण्याआधी एक कागद पुढे केला : एका मंडळातलं सोयाबीन, उंबरठा उत्पन्न हेक्टरी बारा क्विंटल, पीक कापणी प्रयोगातून आलेलं सरासरी उत्पन्न नऊ क्विंटल, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. भरपाई किती? त्याने मांडून दाखवलं : तूट तीन क्विंटल, बारातले तीन म्हणजे पंचवीस टक्के, म्हणून हेक्टरी १२,५०० रुपये. मग प्रमुखांनी विचारलं, "शेतकरी म्हणतो माझ्या शेतात पाचच क्विंटल झालं, मला जास्त द्या. काय सांगाल?" तो म्हणाला, "उत्पन्नावर आधारित भरपाईत घटक मंडळ आहे, एकट्याचं शेत नाही, हे आधी सांगेन. मग विचारेन की गारपीट किंवा पाणी साचून एकट्याचं नुकसान झालं होतं का, आणि बहात्तर तासांत पूर्वसूचना दिली होती का. दिली असेल तर तो वेगळा दावा आहे." पंचनाम्याच्या नमुन्यात काय काय भरतात, हे विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की प्रत्यक्ष पंचनाम्याला अजून गेलो नाही. तिथे त्याने अंदाज ठोकला नाही हे प्रमुखांना आवडलं, असं मला नंतर कळलं.

मग तो प्रश्न आला. "अजून कुठला निकाल यायचाय?"

यायचा होता. डिसेंबरनंतर त्याने एक गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा दिली होती, अर्ज आधीच भरलेला होता म्हणून. आम्ही यावर आधी बरंच बोललो होतो. "नाही" म्हणणं सोपं होतं आणि कोणाला कळलंही नसतं. पण निकालात आसन क्रमांक आला, मित्रांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले, आणि ते कार्यालयात कोणी पाहिले, तर पुढचं सगळं नातं त्या एका "नाही"वर तुटतं. नुसतं "पास झालो तरी जाणार नाही" हेही पुरेसं नाही. असं वचन मुलाखतीत सगळेच देतात, त्यामुळे ऐकणारा ते हिशेबात धरत नाही. त्याला हवं असतं ते आधी घडून गेलेलं काहीतरी.

म्हणून त्याचं उत्तर असं होतं : "सर, एक आहे, गट-ब संयुक्त पूर्वचा. अर्ज आधी भरला होता म्हणून बसलो. राज्यसेवेच्या २०२५ च्या जाहिरातीचा अर्ज मी भरलेला नाही. पुण्याची खोली डिसेंबरमध्ये सोडली, अनामत परत घेतली, पुस्तकं खोलीतल्या मुलांना दिली. जानेवारीपासून पगारावर आहे."

प्रमुखांनी विचारलं, "आणि पास झालात तर?" तो म्हणाला, "मुख्य देणार नाही. मुलाखतीपर्यंत जाऊन आलोय, तिथपर्यंत पुन्हा पोहोचायला किती वर्षं लागतात ते मला माहीत आहे. घरी मी आता पैसे पाठवायचे आहेत."

शेवटचं वाक्य आम्ही ठरवलेलं नव्हतं. ते त्याचं होतं, आणि खरं होतं.

एचआरने वय काढलं. "तुमचे वरिष्ठ सत्तावीस वर्षांचे असतील, चालेल?" इथे उमेदवार "वयाचं काही नसतं सर" असं काहीतरी म्हणून सुटका करून घेतात. त्याने तूर केंद्रावरचं सांगितलं : केंद्रप्रमुख त्याच्याहून चार वर्षांनी लहान, आणि ओलाव्याचं मशीन चालवायला याला त्या केंद्रप्रमुखानेच शिकवलं.

पगाराच्या बाबतीत मी त्याला आधीच सांगितलं होतं की २०१७ च्या बॅचचे मित्र आज काय कमावतात तो आकडा डोक्यातून काढा. कंपनी पैसे मोजते ते संबंधित कामाच्या अनुभवाचे, आणि तो त्याच्याकडे जालन्याचा आणि तूर केंद्राचा मिळून एक वर्षाच्या आसपास होता. त्याने अपेक्षा सांगताना आकडा न सांगता "या पदाची तुमची जी सुरुवातीची श्रेणी आहे ती" असं म्हटलं, आणि प्रवासभत्ता वेगळा मिळतो का तेवढं विचारलं. जिल्हाभर दुचाकीवर फिरायच्या कामात पेट्रोल पगारातून गेलं तर हाती फार थोडं उरतं, त्यामुळे तो प्रश्न रास्तच होता. ऑफर आली ती महिना २६,००० रुपये आणि किलोमीटरप्रमाणे प्रवासभत्ता, सहा महिने परिवीक्षा.

तपासणीत अडकलेली तारीख

ऑफरनंतर सगळं सुरळीत होईल असं वाटत असताना तपासणीत एक गाठ निघाली, आणि ती गॅपमध्ये नव्हती. बायोडेटात त्याने जालन्याची नोकरी जून २०१८ पर्यंत लिहिली होती, कारण जूनमध्ये तो पुण्याला गेला. यूएएनवर शेवटची वर्गणी एप्रिल २०१८ ची होती आणि सोडल्याची तारीख कंपनीने भरलेलीच नव्हती. म्हणजे कागदोपत्री तो अजून त्या कंपनीत होता, आणि त्याने लिहिलेली तारीख दोन महिन्यांनी जास्त होती. अशी तफावत दिसली की तपासणी करणारी संस्था अहवालात शेरा मारते, मग ती दोन महिन्यांची असो की दोन वर्षांची.

सोडल्याची तारीख कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. यूएएनच्या सदस्य पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit असा पर्याय असतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटलेले असले पाहिजेत, तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच देता येते, आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. त्याचा आधारला जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला होता, त्यामुळे आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलावा लागला. यात बारा दिवस गेले. बायोडेटातली तारीख आम्ही एप्रिल २०१८ केली आणि एचआरला त्याने स्वतःहून मेल केला की चूक कुठे झाली होती. गॅपसाठी कंपनीने एका पानाचं स्वयंघोषणापत्र मागितलं. त्यासोबत मुख्य परीक्षेची गुणपत्रकं, मुलाखतीचं पत्र आणि अभ्यासिकेच्या मालकाचा फोन नंबर दिला. गॅपवर एकही प्रश्न आला नाही.

नोकरी शोधायला सुरुवात करतानाच यूएएनची नोंद उघडून बघा आणि बायोडेटातल्या तारखा तिच्याशी जुळवून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते. एप्रिलमध्ये ऑफर हातात असताना आधार केंद्रावर ताटकळण्यापेक्षा ते फेब्रुवारीतच उरकलं असतं.

हे कुठे चालत नाही

हा मार्ग चालला त्यामागे तीन गोष्टी होत्या : त्याच्याकडे कृषीची पदवी होती, अभ्यासाला लागून असलेलं पद मिळालं, आणि हाताशी तीन महिन्यांचं ताजं काम होतं. यातलं काही नसेल तर उत्तर कितीही नेटकं बसवा, फारसा फरक पडत नाही. संगणक अभियंत्याने पाच वर्षं राज्यसेवा केली आणि आता सॉफ्टवेअरमध्ये परत जायचं असेल, तर मुख्य परीक्षेचं गुणपत्रक तिथे कामाचं नाही. आधी हात पुन्हा बसवावा लागेल, चार-सहा महिन्यांचं दाखवता येईल असं काम उभं करावं लागेल, आणि मग गॅपची एक ओळ पुरते. काही कंपन्यांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी योजनांत उत्तीर्ण होण्याचं वर्ष किंवा वयाची अट असते. ती अट स्पष्टीकरणाने हलत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

पूर्व परीक्षाच कधी निघाली नसेल तर टप्पे लिहू नयेत, आणि किती वेळा बसलात हेही लिहू नये. कालावधी, परीक्षेचं नाव आणि थांबवल्याचा महिना एवढं पुरे. मुलाखतीत कोणी विचारलंच तर "पूर्व परीक्षा निघाली नाही" हे सरळ सांगावं आणि लगेच सध्या करत असलेल्या कामाकडे वळावं. अशा उमेदवाराचा सगळा भार त्या सध्याच्या कामावर असतो, म्हणून माझ्याकडे असं कोणी आलं की बायोडेटा बाजूला ठेवून मी आधी विचारते : या महिन्यात पगाराचं किंवा मोबदल्याचं कोणतं काम चालू आहे? नसेल तर आधी ते बघू. कृषी सेवा केंद्र, शेतकरी कंपनी, पतसंस्था, सीएचं कार्यालय, शिकवणी, काहीही चालेल. मोबदला बँकेतून घ्या आणि कामाची दोन ओळींची चिठ्ठी लेटरहेडवर घ्या. दोन-तीन महिने झाले की परत या, मग बायोडेटा उघडू.